सोसायटीच्या जुन्या वह्यांतल्या नोंदी तक्त्यात कशा बसवायच्या? (तारीख, पीक, माल, भाव)

घोडनदीकाठची

नमस्कार मंडळी. माझं माहेर शिरूर तालुक्यातलं. गावच्या विविध कार्यकारी सोसायटीत माझे आजोबा बरीच वर्षं सेक्रेटरी होते. सभासदांचा माल सोसायटी घ्यायची, विकायची आणि त्यातून कर्ज वळतं करून घ्यायची. यंदा दिवाळीत सोसायटीच्या कपाटात १९५५ ते १९६१ च्या तीन वह्या मिळाल्या. चेअरमनांना विचारून पानापानाचे फोटो काढले आणि आता कोथरूडला घरी बसून उतरवते आहे.

मला चारच रकाने हवेत: तारीख, पीक, किती माल आला, काय भावाने गेला. त्या सहा वर्षांत आमच्या गावच्या शेतकऱ्याच्या हातात ज्वारीचे, गुळाचे, शेंगांचे किती पैसे पडले हे मला बघायचं आहे.

साठ पानं एक्सेलमध्ये उतरवली, पण आकडे भलतेच येताहेत. पान ४१ वरची ही ओळ बघा. मी वाचलं ते असं: ज्वारी, ३ प. १ म. २० शे., दर ४८११, रक्कम १६९१११. त्या काळात ज्वारीचा भाव चार हजार आठशे अकरा? माझं कुठे चुकतंय?

गावरान

४८११ ला ज्वारी गेली असती तर तुमच्या गावात सगळ्यांचे वाडे तीन मजली झाले असते, ताई.

टॅलीवाला

सोसायटीचे हिशोब असतील तर टॅलीमध्ये घ्या. सभासदांची लेजर उघडा, ओपनिंग बॅलन्स टाका, ताळेबंद आपोआप निघेल. आमच्या हाउसिंग सोसायटीचं मी तसंच केलं.

घोडनदीकाठची

@टॅलीवाला, ताळेबंद नकोय हो. तो त्या वेळीच ऑडिट झालेला आहे. मला मालाचा भाव हवाय. टॅलीत रक्कम येईल, पण ती किती मणांची होती ते हरवेल.

मंदार_प्रभातरोड

४८११ मधले शेवटचे दोन ११ नाहीत. त्या उभ्या रेघा आहेत. जुन्या पद्धतीत एक रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. ४८॥ म्हणजे साडेअठ्ठेचाळीस. आणि १६९॥। म्हणजे पावणेएकशे सत्तर.

रुपयाचे आणे सोळा आणि आण्याचे पैसे चार, म्हणजे रुपयाला ६४. वहीत रुपये-आणे-पैसे असे तीन आकडे दिसले तर तिसऱ्याला ६४ ने भागा.

घोडनदीकाठची

अरे देवा! म्हणजे मी साठ पानांत प्रत्येक साडे आणि पावणे अकराच्या पटीत नेऊन ठेवलेत. आता पहिल्यापासून बघते. धन्यवाद मंदारदादा.

भवानीपेठकर

घोडनदीकाठची, जरा थांब, पुन्हा उतरवायला बसण्याआधी दोन गोष्टी विचारतो. माझे वडील भवानी पेठेत धान्याच्या अडतीवर दिवाणजी होते आणि मी स्वतः सहकार खात्यात लेखापरीक्षणात तीस वर्षं काढली. असल्या वह्या खूप चाळल्या आहेत.

पहिली गोष्ट: तुझ्या तीन वह्यांपैकी किर्द कोणती आणि खतावणी कोणती? किर्दीत रोजचा व्यवहार तारखेने येतो. मग तोच व्यवहार त्या त्या सभासदाच्या खात्यावर खतावणीत चढतो. दोन्ही उतरवून एका तक्त्यात टाकल्यास तर गावची ज्वारी दुप्पट होईल आणि तुला कळणारही नाही, कारण प्रत्येक ओळ वेगवेगळी बघितली तर बरोबरच असेल. किर्दीच्या ओळीच्या कडेला एक छोटा आकडा असतो, 'खा. पा.' असं लिहून. ते खतावणीचं पान. तो आकडा दिसला की समज, हा व्यवहार दुसऱ्या वहीत पुन्हा आहे.

दुसरी: मंदार म्हणतो त्या रेघा बरोबर, पण ६४ ने भागायची घाई करू नकोस. हिशोबाच्या वहीत तिसरा आकडा बहुतेक पैचा असतो आणि पै आण्याला बारा, म्हणजे रुपयाला १९२. ओळखायचं कसं? तिसऱ्या रकान्यातला सगळ्यात मोठा आकडा शोध. चार किंवा त्याहून मोठा एकही आकडा सापडला, सहा म्हण, नऊ म्हण, तर तो पैसा असूच शकत नाही.

मंदार_प्रभातरोड

मान्य काका. आमच्या आजीच्या तोंडी कायम पैसेच असायचे, पै कधी ऐकली नाही. त्यावरून मी धरून चाललो.

घोडनदीकाठची

काका, एक वही किर्द आहे आणि दोन खतावण्या. मी तिन्हींतून उतरवत होते! तिसऱ्या आकड्यात ६ आणि ९ दोन्ही सापडले, म्हणजे पैच.

शीतल_क

मी रोज एक्सेलमध्येच असते म्हणून सांगते. गुळाचा भाव १२-८-० असा टाइप केलात का कुठे? एक्सेल त्याची तारीख करून टाकतं, १२ ऑगस्ट २०००, नाहीतर ८ डिसेंबर २०००. वरून तो आकडा तारखेसारखा दिसतो आणि आतून छत्तीस हजारांच्या पुढची संख्या होऊन बसतो. नंतर सरासरी काढली की भाव आभाळाला भिडतो.

त्यामुळे भाव एका चौकटीत लिहूच नका. रुपये, आणे, पै असे तीन रकाने करा आणि चौथ्यात:

```
=G2+H2/16+I2/192
```

आणि टाइप करताना आकडे इंग्रजी ठेवा. देवनागरी आकडे आमच्या ऑफिसात मजकूर म्हणून बसले होते, SUM शून्य दाखवत होता.

सासवडी

आमच्या दूध संस्थेतही हाच गोंधळ आहे. जुन्या वहीत दूध शेरावर, मग लिटरवर, मग फॅटवर. फॅटचा आकडा नुसता ६॥ लिहिलेला. मुलाने ६११ टाकलं आणि म्हणाला, आई ही म्हैस कुठे मिळते?

आजोळ

सासवडी :) :)

मूळ प्रश्नाकडे येते. प. म्हणजे पल्ला ना? आमच्याकडे पल्ला १२० शेरांचा होता असं वडील सांगायचे, पण मामांच्या गावात १०० म्हणायचे. मग कुठला धरायचा?

भवानीपेठकर

आजोळने नेमक्या जागी बोट ठेवलं. पल्ला, मण, खंडी ही मापं गावागणिक आणि मालागणिक फिरत होती. म्हणून बाहेरच्या कोष्टकातून माप उचलायचं नाही, वहीलाच विचारायचं. त्या ओळीत माल, दर आणि रक्कम तिन्ही आहेत. सेक्रेटरींनी गुणाकार केलाय तो कुठल्यातरी पल्ल्याने केलाय. तो आपण उलटा करून बघायचा.

पान ४१ ची ओळ घे. माल ३ पल्ले १ मण २० शेर, दर साडेअठ्ठेचाळीस, रक्कम पावणेएकशे सत्तर. मण ४० शेरांचा धर, म्हणजे १ मण २० शेर म्हणजे दीड मण, ६० शेर.

पल्ला १२० शेरांचा असेल तर ६० शेर म्हणजे अर्धा पल्ला. माल झाला साडेतीन पल्ले. साडेतीन गुणिले ४८.५० बरोबर १६९.७५. वहीत १६९॥। आहे. पैचाही फरक नाही.

पल्ला १०० शेरांचा धरला तर माल ३.६ पल्ले आणि रक्कम १७४.६० यायला हवी होती. ती नाही. म्हणून या वहीत, ज्वारीसाठी, पल्ला तीन मणांचा. एका ओळीवर विसंबू नकोस, वेगवेगळ्या महिन्यांतल्या दहा-बारा ओळी अशाच लाव. गुळासाठी आणि शेंगांसाठी वेगळं बघ, एकाचं माप दुसऱ्याला लावू नकोस.

आणि म्हणूनच तुझे चार रकाने पुरणार नाहीत. रक्कम पाचवी हवीच. ती तुला भावासाठी नकोय, पण तिच्याशिवाय तू वाचलेलं बरोबर की चूक हे कळायला काही मार्ग नाही. ४८११ वाचलंस तेव्हा गुणाकार करून बघितला असतास तर तिथेच अडली असतीस.

शीतल_क

काकांचं सूत्रात असं बसेल. D पल्ले, E मण, F शेर:

```
=D2*3+E2+F2/40
```

याने सगळा माल मणांत येईल. दर पल्ल्यावर आहे की मणावर, त्यासाठी एक छोटा रकाना ठेवा. मग गुणाकार आणि वहीतली रक्कम यांचा फरक शेवटच्या रकान्यात, आणि फरक शून्य नसेल ती ओळ लाल.

घोडनदीकाठची

दोन संध्याकाळ बसून फक्त किर्दीची पहिली वीस पानं नव्याने केली. काका, पल्ला सगळीकडे तीन मणांचाच निघाला. लाल ओळी निम्म्याहून कमी झाल्या. आजोबांचा गुणाकार कुठेही चुकलेला नाही, चुकले ते मीच वाचताना. १ आणि ९ मध्ये माझा फार घोळ होत होता.

पण एक नवीन अडचण. सप्टेंबर १९५७ मध्ये गूळ १२ मण, दर १४-१२, रक्कम १७७. एप्रिल १९५७ पासून नवे पैसे आले ना? मग हे १४ रुपये १२ नवे पैसे का?

मंदार_प्रभातरोड

हो, १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे. त्यानंतरच्या सगळ्या नोंदी दशमान धरायच्या. १४.१२.

भवानीपेठकर

मंदार, कायदा एप्रिलमध्ये लागू झाला, पण बाजाराच्या तोंडातले आणे एप्रिलमध्ये गेले नाहीत. जुनी नाणी बरीच वर्षं चालत होती आणि वडील तर भाव बोलताना साठ सालानंतरही आण्यांतच बोलायचे.

गुणाकार करून बघ. १२ गुणिले १४.१२ म्हणजे १६९.४४. आणि १४ रुपये १२ आणे म्हणजे १४.७५, बारा मणांचे बरोबर १७७. वहीत १७७ आहे. म्हणजे आणे.

सोपी खूण अशी की दुसरा आकडा १५ च्या वर गेला की ते नवे पैसे. १५ किंवा त्याखाली असेल तर रकमेला विचारायचं. तारखेवरून ठरवलंस तर सत्तावन-अठ्ठावनची दोन वर्षं वाकडी होतील.

मंदार_प्रभातरोड

बरोबर. दुसऱ्यांदा चुकलो, पण हे कायमचं लक्षात राहील.

गावरान

मंदारशेठ, तुम्ही चुकताय म्हणून आम्ही शिकतोय. चालू ठेवा.

आजोळ

पिकाच्या रकान्याचं काय ठरलं? तिच्या वहीत ज्वारी, जोंधळा, शाळू असे तिन्ही शब्द असणार. एकच करून टाका, नाहीतर सरासरी तीन ठिकाणी फुटेल.

सासवडी

शाळू आणि ज्वारी एक करू नका हो! शाळू रब्बीचा, भाकरी पांढरीशुभ्र. आमच्याकडे शाळूला नेहमी दोन पैसे जास्तच. एक केलं तर मार्चमध्ये भाव वाढल्यासारखा दिसेल आणि तो नुसता माल बदलल्यामुळे असेल.

आजोळ

पण जोंधळा म्हणजे ज्वारीच. आमच्या घरात रब्बीच्यालाही जोंधळाच म्हणायचे. लिहिणाऱ्याने शब्द काय नेमाने वापरला असेल कशावरून?

भवानीपेठकर

दोघींचंही खरं आहे आणि हे घरबसल्या सुटणार नाही. म्हणून पिकाचे दोन रकाने कर. एकात वहीत जसं लिहिलंय तसं, अक्षर न बदलता. दुसऱ्यात तू ठरवलेलं नाव. उद्या मत बदललं तर दुसरा रकाना बदल, पहिल्याला हात लावू नकोस. भुईमुगाचंही बघ, 'शेंग' आणि 'दाणे' या दोन वेगळ्या वस्तू आहेत, भाव वेगळे.

घोडनदीकाठची

पिकावरून आठवलं, आज एक मोठा घोटाळा करून बसले. वहीत एकाखाली एक तोच माल असेल तर नाव पुन्हा लिहीत नाहीत, नुसत्या दोन रेघोट्या मारतात. मीही तशाच ” खुणा टाकल्या होत्या. मग तारखेप्रमाणे क्रम लावला आणि सगळ्या ओळी इकडच्या तिकडे झाल्या. आता कुठली ” कुठल्या पिकाखालची काही कळत नाही. शिवाय फोटो व्हॉट्सअॅपवरून घेतल्यामुळे पानांचाही क्रम गेलाय. पानाच्या पहिल्याच ओळीत ” असेल तर मागचं पान कुठलं ते शोधावं लागतंय.

शीतल_क

आधी श्वास घ्या. फाइल गूगल ड्राइव्हवर असेल तर जुनी आवृत्ती परत मिळते, तिथे बघा.

पुढच्या वेळी पहिला रकाना पान-ओळ असा ठेवा. 041-07 म्हणजे पान ४१, सातवी ओळ. तो रकाना आधी मजकुराचा करून घ्या, नाहीतर काही आकड्यांची पुन्हा तारीख होईल. मग कसाही क्रम लावला तरी त्या रकान्यावरून वहीचा क्रम परत आणता येतो. आणि ” खुणा भरून झाल्याशिवाय क्रम लावायचाच नाही.

घोडनदीकाठची

मिळाली जुनी आवृत्ती! शीतल, तुझे उपकार. पान-ओळ टाकली, सगळ्या ” भरल्या, मूळ खूण वेगळ्या रकान्यात ठेवली.

आता उरल्या लाल ओळी, आणि त्या जवळजवळ सगळ्या शेंगांच्या आहेत. ही एक: शेंग ९ पोती, ९ मण, दर मणाला २०, रक्कम १७७॥।. गुणाकार १८० येतो. सव्वादोन रुपये कुठे गेले?

सासवडी

हमाली-तोलाई. पोत्याला चार आणे. नऊ पोती, सव्वादोन रुपये. बरोबर बसलं.

गावरान

किंवा कडता! आमच्याकडे पोत्यामागे अर्धा शेर कापायचे, बारदानाचा आणि मातीचा म्हणून. नऊ पोत्यांचे साडेचार शेर. वीसच्या भावाने त्याचेही सव्वादोनच होतात. करून बघा.

भवानीपेठकर

वा गावरान! आणि इथेच माणूस फसतो, कारण भाव वीस असेल तर अर्धा शेर म्हणजे नेमके चार आणे. दोन्ही उत्तरं जुळतात आणि या ओळीवरून निवाडा होत नाही. पण तक्त्यात फरक पडतो. हमाली असेल तर भाव वीसच राहील आणि चार आणे खर्चात जातील. कडता असेल तर माल नऊ मणांहून कमी धरावा लागेल.

वेगळ्या भावाची ओळ शोध. भाव बदलला तरी पोत्याला चार आणेच गेले असतील तर हमाली. भावाबरोबर कपातही बदलली असेल तर कडता.

घोडनदीकाठची

शोधली. पान ४९: शेंग १६ पोती, १६ मण, दर १८, रक्कम २८४. गुणाकार २८८, फरक चार रुपये. सोळा पोत्यांचे चार-चार आणे बरोबर चार रुपये. कडता असता तर ३.६० आला असता. म्हणजे हमाली!

सासवडी

सांगत होते की नाही :)

गावरान

हार मान्य. पुढच्या खेपेला शेंगा माझ्याकडून.

मंदार_प्रभातरोड

एक विचारू का काका? मणाचे किलो करायचे असतील तर ३७.३२ ने गुणायचं, बरोबर? आता मी आधीच विचारून घेतो. मुंबईचा मण २८ पौंडांचा, म्हणजे पावणेतेरा किलोच्या आसपास होता असं वाचलंय.

भवानीपेठकर

योग्य विचारलंस. ८० तोळ्यांचा शेर आणि तसे ४० शेर असा पक्का मण असेल तर ३७.३२. तिच्या वहीत शेंगांचं पोतं एक मणाचं आहे. पावणेतेरा किलोचं पोतं कोण शिवणार? त्यामुळे पक्का मण वाटतो. पण खात्री करायला वहीतच जागा आहे. तिची वही १९६१ पर्यंत जाते. शेवटी कुठेतरी सोसायटी क्विंटलवर आली असेल. त्या पानाच्या अलीकडचा पल्ल्याचा भाव आणि पलीकडचा क्विंटलचा भाव शेजारी ठेव. तीन पक्क्या मणांचा पल्ला म्हणजे साधारण ११२ किलो. पल्ल्याला ४८॥ असेल तर क्विंटलला ४३ च्या पुढेमागे दिसायला हवा. फार वेगळा दिसला तर मण वेगळा. त्याच आठवड्यातल्या नोंदी घे, नाहीतर हंगामाचा चढउतार मध्ये येईल.

आजोळ

आणि सभासदांची नावं? कर्जवसुलीही त्याच ओळीत असेल ना. ती माणसं, त्यांची मुलं गावातच आहेत.

घोडनदीकाठची

नावं घेतलेलीच नाहीत, फक्त खा. पा. घेतलाय. खतावणीशी ताडायला तो पुरतो.

काका, क्विंटल सापडला. बदल झाला त्या आठवड्यात पल्ल्याला ५१ आणि पुढच्या पानावर क्विंटलला ४५॥. ५१ ला १.१२ ने भागलं तर ४५.५४ येतात. जमलं ना?

आता एक ओळ अशी दिसते (रकाने सगळे नाही दाखवत):

```
041-07, ज्वारी, ज्वारी, 3, 1, 20, पल्ला, 48, 8, 0, 169.75, फरक 0
```

चारशे बारा ओळींपैकी अकरा अजून लाल आहेत. त्यातल्या नऊ पान ५२ वर. तिथे दर आणि रक्कम काही केल्या जुळत नाहीत, फरकही प्रत्येक ओळीत निराळा. समासात पेन्सिलने काहीतरी लिहिलंय, पण फोटोत पुसट आलंय. आणि शाळूचं मी अजून काही ठरवलेलं नाही. रब्बीच्या महिन्यांत 'ज्वारी' आणि 'शाळू' दोन्ही शब्द एकाच पानावर आहेत, भाव कधी वेगळे, कधी एकच.

आजोळ

एकाच पानावर दोन्ही आणि भाव एकच! बघा, मी म्हणत होते.

सासवडी

आणि कधी वेगळे, तेही वाचा की.

भवानीपेठकर

जमलं, मण पक्काच. त्या अकरा ओळी लालच ठेव, ओढूनताणून जुळवू नकोस. ५२ वर फरक प्रत्येक ओळीत निराळा आहे म्हणजे हमाली नाही. भाव मागाहून फिरला असेल किंवा माल परत तोलला असेल, आणि ते बहुधा त्या पेन्सिलीतच असणार. गावी जाशील तेव्हा ते पान खिडकीपाशी नेऊन धर. उजेड समोरून नको, बाजूने तिरपा पडू दे. पेन्सिल पुसट झाली तरी कागदावर दाब उरतो.

घोडनदीकाठची

रविवारी सकाळच्या एसटीने जाते आहे. फोटो आला की इथेच टाकते.